प्रोबेशन किती, कायम कशावर, नोटीस किती: ऑफर स्वीकारण्याआधी रिक्रूटरला काय आणि कसे विचारावे

विदर्भातील तालुक्याच्या गावांमध्ये बियाणे, खते, ठिबक सिंचन आणि कीटकनाशकांच्या कंपन्या फील्ड ऑफिसर भरतात, तेव्हा ऑफर लेटरमध्ये पगाराचा तक्ता पानभर असतो आणि प्रोबेशनविषयी जेमतेम तीन वाक्ये असतात. प्रोबेशन सहा महिन्यांचे राहील व व्यवस्थापनाच्या इच्छेनुसार ते वाढवता येईल, कामगिरी समाधानकारक आढळल्यास सेवा कायम केली जाईल, आणि या काळात कंपनी सात दिवसांच्या तर कर्मचारी तीस दिवसांच्या नोटिशीने करार संपवू शकेल. पगार पाहून सही केली जाते आणि ही तीन वाक्ये पुढे एप्रिल-मे महिन्यात आठवतात. ती आधीच कशी उलगडून घ्यावीत, हे एका उदाहरणाच्या आधाराने येथे मांडले आहे.

उदाहरण असे आहे. दारव्हा तालुक्यातील कृषी पदवीधर तरुण एका कृषी सेवा केंद्रात १४,००० रुपयांवर काम करतो. त्याला एका बियाणे कंपनीकडून दारव्हा, दिग्रस आणि नेर या तीन तालुक्यांसाठी फील्ड ऑफिसरची ऑफर आली आहे. महिन्याचा एकूण पगार २२,००० रुपये, त्यातील बेसिक ११,००० रुपये, रुजू होण्याची तारीख १ नोव्हेंबर, आणि प्रोबेशनच्या अटी वर दिल्या तशाच. नागपूरहून बोलणाऱ्या रिक्रूटर मॅडमनी तीन दिवसांत होकार कळवायला सांगितले आहे.

विचारण्याची वेळ

पहिल्याच फोनवर नोटीस पिरियड विचारला, तर उमेदवार येण्याआधीच जाण्याचा विचार करतो आहे, असा समज होतो. रुजू झाल्यानंतर विचारले, तर उत्तर काहीही आले तरी करण्यासारखे फारसे उरत नाही. योग्य वेळ या दोन्हींच्या मधली आहे: निवड झाल्याचे कळले आहे, पगाराचा आकडा ठरला आहे, पण लेखी होकार अजून दिलेला नाही आणि सध्याच्या नोकरीचा राजीनामाही दिलेला नाही. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. कृषी सेवा केंद्राच्या मालकाला ‘शेठ, मी चाललो’ असे सांगून झाल्यावर रिक्रूटरशी बोलणाऱ्या माणसाच्या आवाजातली घाई समोरच्याला ऐकू येते.

तीन दिवसांची मुदत कमी वाटल्यास पहिल्याच दिवशी, ऑफर लेटर वाचले आहे, नोकरी करण्याची इच्छा आहे आणि प्रोबेशनसंबंधी काही बाबी समजून घेऊन होकार पाठवायचा आहे, असे कळवावे. त्यामुळे पुढचे प्रश्न नकाराची तयारी वाटत नाहीत.

पत्र कोणाचे आहे, हे आधी पाहावे

आमच्या भागात अनेक मुले ज्या कंपनीचा टी-शर्ट घालून शिवारात फिरतात, त्या कंपनीच्या नोंदीवर नसतातच. पगार मनुष्यबळ पुरवणारी दुसरी संस्था देते आणि करार अकरा महिन्यांचा किंवा एका हंगामाचा असतो. बोलीभाषेत याला ऑफ-रोल म्हणतात. अशा करारात मुदत संपली की नोकरी संपते, त्यामुळे प्रोबेशन पूर्ण करून कायम होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, किंवा झाले तरी त्या पुरवठादार संस्थेत कायम होणे असते. म्हणून पहिला प्रश्न साधा ठेवावा: “मॅडम, माझे नियुक्तिपत्र आणि पगाराची स्लिप कोणत्या नावाने येईल? हे पद ऑन-रोल आहे का, आणि करार ठरावीक मुदतीचा आहे का?”

रिक्रूटर स्वतः कंपनीच्या एचआर विभागातील आहे की बाहेरच्या कन्सल्टन्सीतील, हेही येथेच कळते. कन्सल्टन्सीचा माणूस उमेदवार रुजू झाला की मोकळा होतो, आणि कायम करण्याच्या निकषांवर त्याचा अधिकार नसतो. त्याने काही सांगितले तर ते खोटे असेलच असे नाही, पण त्यावर विसंबता येत नाही. अशा वेळी कंपनीच्या एचआरचा ईमेल पत्ता मागून घ्यावा आणि लेखी खुलासा तिथूनच येईल असे पाहावे.

मुदत: सहा महिन्यांपेक्षा कमाल मर्यादा महत्त्वाची

प्रोबेशन किती, याचे उत्तर पत्रात असतेच. विचारायचे ते त्याच्या पुढचे: ते जास्तीत जास्त किती वाढू शकते, किती वेळा वाढू शकते, आणि वाढवल्याचे पत्र मूळ मुदत संपण्याआधी मिळते का. तसेच मुदत रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते की प्रशिक्षण संपल्यापासून, हेही स्पष्ट करून घ्यावे, कारण काही ठिकाणी पहिला महिना प्रशिक्षणाचा धरून प्रोबेशन त्यानंतर सुरू करतात.

कमाल मर्यादेवर भर देण्याचे कारण असे, की मुदत संपली आणि कंपनीने काहीच कळवले नाही, तर माणूस आपोआप कायम होतो हा आपल्याकडे पक्का रुजलेला समज बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. पंजाब राज्य विरुद्ध धरम सिंग या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना कायम झालेले मानले, ते नियमांमध्ये प्रोबेशनची कमाल मर्यादा घातलेली होती आणि ती ओलांडूनही त्यांना कामावर ठेवले होते म्हणून. तो खटला सरकारी सेवेचा होता, पण त्यातला तर्क समजून घेण्यासारखा आहे: मर्यादाच लिहिलेली नसेल, तर मुदत उलटूनही काम चालू राहण्याचा अर्थ प्रोबेशन चालूच आहे असा लावता येतो. आणि ‘लेखी पत्र मिळेपर्यंत कर्मचारी प्रोबेशनवरच समजला जाईल’ असे वाक्य पत्रात असेल, तर तो अर्थ कंपनीने स्वतःच लिहून ठेवलेला आहे.

प्रश्न असा मांडता येतो: “पत्रात मुदत वाढवता येईल असे आहे. कंपनीच्या धोरणात ही वाढ एकदाच होते का, आणि जास्तीत जास्त किती महिन्यांची?” आपल्या तरुणाला उत्तर मिळाले, “साधारण एकदाच, तीन महिने.” त्यातला ‘साधारण’ हा शब्द लेखी खुलाशात गळायला हवा. तो कसा गाळायचा, ते पुढे येईल.

निकष: येथे हंगाम पाहावा लागतो

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगतो, कारण शहरी नोकरीसाठी लिहिलेले सल्ले येथे पुरे पडत नाहीत. शेती निविष्ठांच्या विक्रीत वर्षाचे महिने सारखे नसतात. कपाशीचे बियाणे मे-जूनमध्ये शेतकऱ्याच्या हातात पडते, सोयाबीन आणि तूर त्याच सुमारास. हरभरा आणि गव्हाचे बियाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उचलले जाते. दुकानदाराकडची खरिपाची उधारी सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाची वेचणी सुरू झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे वसूल व्हायला लागते आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रेंगाळते.

आता १ नोव्हेंबरला रुजू होणाऱ्या माणसाचे सहा महिने ३० एप्रिलला संपतात. रब्बीची विक्री तो येईपर्यंत बहुतेक उरकलेली असेल आणि खरिपाची विक्री त्याची मुदत संपल्यावर सुरू होईल. कायम करण्याचा निकष ‘वार्षिक विक्री लक्ष्याच्या अमुक टक्के’ असा असेल, तर तो कितीही राबला तरी एप्रिलअखेर त्याच्या नावावर आकडा दिसणार नाही, आणि मुदतवाढ जवळजवळ ठरलेली आहे. हे कोणाच्या वाईट हेतूमुळे घडत नाही. पुण्या-मुंबईत तयार झालेला एकच फॉर्म सर्व तारखांना लावला जातो म्हणून घडते. एचआरच्या माणसाला ही अडचण अनेकदा प्रथमच कळते, म्हणून ती तक्रार म्हणून न मांडता माहिती म्हणून मांडावी.

फोनवरचे बोलणे साधारण असे होते.

“मॅडम, पत्रात ‘समाधानकारक कामगिरी’ असे लिहिले आहे. माझ्या तीन तालुक्यांसाठी ती कशावरून ठरेल?”

“ते तुमचे एरिया मॅनेजर सांगतील, जॉइन झाल्यावर. काळजी करू नका, आपण सगळ्यांना कन्फर्म करतो.”

“ठीक आहे मॅडम. माझे सहा महिने नोव्हेंबर ते एप्रिल येतात आणि त्या काळात कपाशीची विक्री नसते. मग माझे मूल्यमापन वसुलीवर होईल, की दुकानदारांच्या आगाऊ बुकिंगवर, हे मला आधी समजले तर बरे होईल. होकार देण्याआधी एरिया मॅनेजर सरांशी पाच-दहा मिनिटे बोलता येईल का?”

‘सगळ्यांना कन्फर्म करतो’ या वाक्याने बोलणे थांबू देऊ नये. त्यावर वाद घालण्याची गरज नाही, पण त्यात निकष सांगितलेला नाही, हे मनात ठेवून प्रश्न पुन्हा नेमक्या जागी आणावा. मॅनेजरशी बोलणे करून देण्यास रिक्रूटर तयार झाला, तर ती चांगली खूण आहे. पत्रातील शब्द बदलणार नाहीत असे सांगणे समजण्यासारखे असते, पण मॅनेजरशी बोलूही देत नसतील, तर निकष अजून ठरलेलेच नाहीत किंवा ते सांगायचे नाहीत, असे समजावे.

एरिया मॅनेजरशी बोलताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, जुनी उधारी कोणाच्या नावावर. आधीचा फील्ड ऑफिसर सोडून गेला असेल, तर त्याने दुकानदारांकडे अडकवून ठेवलेली रक्कम नव्या माणसाच्या वसुलीच्या टक्केवारीत धरली जाते का? दिग्रसमधल्या एखाद्या दुकानात दोन हंगामांपूर्वीचे पैसे अडकलेले असतील, तर त्या एका खात्याने पूर्ण टक्केवारी खाली येते. रुजू होताना दुकानदारनिहाय येणी बाकीची यादी तारखेसह मिळावी आणि जुनी थकबाकी वेगळी दाखवावी, अशी विनंती करावी.

दुसरी, विक्री निव्वळ मोजतात की दुकानात उतरवलेल्या मालावर. प्रोबेशन वाढून जूनपर्यंत गेले, तर जूनमध्ये दुकानात उतरवलेले बियाणे विक्री म्हणून दिसते, पण न खपलेला माल नंतर परत येतो आणि आकडा घटतो. ३१ जुलैला मूल्यमापन झाले, तर परतीचा माल धरलेला आहे की नाही, यावर निकाल फिरू शकतो.

तिसरी, मधली तपासणी. तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारीअखेर, काही लेखी आढावा होतो का? सहाव्या महिन्यात एकदम ‘कमी पडला’ असे ऐकण्यापेक्षा तिसऱ्या महिन्यात ऐकलेले बरे. आणि शेवटची शिफारस मॅनेजर करतात की त्यांच्या वरचे अधिकारी, हेही ओघात विचारावे.

आपल्या तरुणाला मॅनेजरनी सांगितले, की नोव्हेंबर-एप्रिल या काळात चालू वर्षाच्या येण्याची वसुली, मार्च-एप्रिलमधील दुकानदारांचे खरीप बुकिंग, आणि शेतकरी सभा व प्रात्यक्षिक प्लॉटच्या नोंदी एवढेच पाहिले जाईल. हे उत्तर चांगले आहे, कारण यातली प्रत्येक बाब त्या सहा महिन्यांत करून दाखवता येते.

नोटीस: दिवस, पैसे आणि दोन्ही बाजू

कंपनीला सात दिवस आणि कर्मचाऱ्याला तीस दिवस, ही तफावत अनेक पत्रांत असते. ती बदलून मागता येते, पण छोट्या पदासाठी कंपनी सहसा धोरण बदलत नाही. म्हणून ‘दोघांना सारखी करता येईल का’ असे एकदा विचारावे आणि नकार आला, तर त्या अटीची रुपयांतली किंमत काढून घ्यावी.

नोटिशीचे दिवस कमी पडले तर वसुली बेसिकवर होते की एकूण पगारावर, हा येथला कळीचा प्रश्न आहे. समजा, या तरुणाला फेब्रुवारीत तातडीने सोडावे लागले आणि तीसपैकी बाराच दिवस भरता आले. अठरा दिवस कमी पडतात. एकूण पगारावर हिशोब केला, तर कपात १३,२०० रुपये होते. बेसिकवर केला, तर ६,६०० रुपये. उलट बाजूने, कंपनीने सात दिवसांच्या नोटिशीऐवजी पैसे देऊन काढले, तर एकूण पगारावर सुमारे ५,१३३ रुपये हातात येतात. म्हणजे जुनी नोकरी सोडून आलेल्या माणसाला दुसरे काम शोधायला जेमतेम एक आठवडा मिळतो. कपात ज्या आधाराने होते, त्याच आधाराने कंपनीही पैसे देणार का, हेही त्याच वाक्यात विचारावे.

मुदतवाढीच्या काळात कोणती नोटीस लागू, हा प्रश्न बहुतेकांकडून राहून जातो. मूळ सहा महिन्यांसाठी तीस दिवस आणि कायम झाल्यावर साठ दिवस अशी तरतूद असेल, तर वाढीव तीन महिन्यांतही तीसच दिवस राहतात, असे स्पष्ट करून घ्यावे. शिल्लक रजा नोटिशीत धरता येते का, आणि पेट्रोल व प्रवासभत्त्याची प्रलंबित बिले शेवटच्या हिशोबात मिळतात का, हेही विचारून घ्यावे; फिरतीच्या नोकरीत ही बिले लहान रक्कम नसतात.

येथे कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार कर्मचाऱ्याला लेखी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे, आणि राजीनामा दिल्यावर किंवा काढून टाकल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. तसेच भविष्य निर्वाह निधी लागू असलेल्या आस्थापनेत पात्र कर्मचाऱ्याचा पीएफ पहिल्या दिवसापासून सुरू होतो. ‘पीएफ कन्फर्मेशननंतर सुरू होईल’ असे रिक्रूटरने सांगितले, तर ते चूक आहे आणि बाकीच्या उत्तरांचीही नीट पडताळणी करावी लागेल, असे समजावे.

सोडून जाऊ नये म्हणून पदवीचे मूळ प्रमाणपत्र किंवा सही केलेला कोरा धनादेश मागितला जात असेल, तर तेही नोटिशीच्याच प्रश्नात येते. मूळ कागद पडताळणीसाठी दाखवावेत, प्रती द्याव्यात आणि मूळ परत घ्यावेत. कोरा धनादेश देऊ नये. पत्रातील तीस दिवसांची अट त्या धनादेशापुढे निरर्थक ठरते.

फोनवरचे लेखी कसे करावे

फोनवर मिळालेली उत्तरे त्याच दिवशी ईमेलने पाठवावीत. व्हॉट्सॲपवर पाठवल्यास तोच मजकूर ईमेलवरही पाठवावा, कारण रिक्रूटर नोकरी बदलतो आणि त्याच्या फोनमधले संभाषण त्याच्याबरोबर जाते. मजकूर मराठीत किंवा इंग्रजीत, कंपनी ज्या भाषेत लिहिते त्या भाषेत ठेवावा. आपल्या तरुणाने असे लिहिले:

“नमस्कार मॅडम, ऑफरबद्दल आभारी आहे. आज फोनवर आपण आणि एरिया मॅनेजर सरांनी सांगितलेल्या बाबी मला पुढीलप्रमाणे समजल्या आहेत. प्रोबेशन १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल राहील. गरज पडल्यास ते लेखी पत्राने एकदाच व जास्तीत जास्त तीन महिने, म्हणजे ३१ जुलैपर्यंत वाढेल. मूल्यमापन चालू वर्षाच्या येण्याची वसुली, खरीप बुकिंग आणि शेतकरी सभा व प्लॉटच्या नोंदी यांवर होईल. आधीची थकबाकी वेगळी धरली जाईल. प्रोबेशन व वाढीव काळात माझी नोटीस तीस दिवसांची राहील आणि कमी पडलेल्या दिवसांची वसुली बेसिकवर होईल. यात काही दुरुस्ती असल्यास कळवावी. आपले उत्तर आल्यावर मी स्वीकृती पाठवतो.”

या मजकुरात ‘साधारण’ गळाला आहे आणि तारखा आल्या आहेत. मागणीचा सूर कुठेही नाही, फक्त समजलेले लिहिले आहे. उत्तर ‘बरोबर आहे’ एवढे आले तरी पुरते. येथे एचआरने कळवले, की नोटिशीचे दिवस बदलता येणार नाहीत, वसुली बेसिकवरच होते आणि मुदतवाढ एकदाच तीन महिन्यांची असते. निकषांबाबत मॅनेजरनी मेलवर होकार दिला. तरुणाने सात-तीसची तफावत स्वीकारली, कारण जास्तीत जास्त ११,००० रुपये जाऊ शकतात हे त्याला आता माहीत होते आणि तेवढी रक्कम त्याने बाजूला ठेवली. उत्तर लेखी न देता फोनवरच ‘हो हो, तसेच आहे’ म्हणत राहिले, तर स्वीकृतीच्या ईमेलमध्येच ‘दिनांक अमुकच्या ईमेलमध्ये नमूद केलेल्या समजुतीवर आधारित’ असे वाक्य घालावे. ते कराराइतके पक्के नसते, पण नंतर कोणाला ‘असे बोलणेच झाले नव्हते’ म्हणता येत नाही.

रुजू होण्याच्या दिवशी आणि एप्रिलमध्ये

ऑफर लेटर आणि नियुक्तिपत्र हे दोन वेगळे कागद असतात, आणि दुसरा बहुधा रुजू होण्याच्या दिवशी, इतर फॉर्मच्या गठ्ठ्यात सहीसाठी येतो. त्याचा नमुना आठवडाभर आधी मागून घ्यावा. प्रोबेशन, नोटीस आणि ‘अटी कंपनीच्या धोरणानुसार बदलू शकतात’ ही तीन कलमे ऑफरशी ताडून पाहावीत. फरक आढळल्यास सही करण्याआधी, आधीचा ईमेल जोडून, एचआरला विचारावे.

मूळ मुदत ३० एप्रिलला संपत असेल, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजरला आपले आकडे एका ईमेलमध्ये पाठवावेत: येणे किती होते, वसूल किती झाले, किती दुकानांचे बुकिंग आले, सभा व प्लॉट किती झाले. मे महिन्यात मॅनेजर कपाशीच्या पुरवठ्यात बुडालेला असतो आणि शिफारस मागे पडते, म्हणून हे आधीच करावे. मुदतवाढीचे पत्र आले, तर त्यावर नवी अखेरची तारीख आणि वाढीचे कारण लिहिलेले आहे का ते पाहावे, ‘मिळाले’ असे लिहून तारखेसह सही करावी, आणि कारण पटत नसल्यास त्याच दिवशी आपल्या आकड्यांसह उत्तर पाठवावे.